काकांच्या डिस्चार्ज कार्डाबद्दल – काकू, दादालाही वाचायला दे

काकू, तू पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करून वाचले. आधी तुझी मोठी काळजी, काकांचा व्हॉल्व्ह खराब झालाय का ही. 'इन्फीरियर वॉल एमआय' म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाला आलेला हार्ट अटॅक. त्यात व्हॉल्व्ह खराब झाल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. 'पीटीसीए, डीईएस टू आरसीए' म्हणजे उजवीकडची बंद झालेली नस फुग्याने उघडून तिथे औषध लावलेला स्टेंट बसवलाय.

'ईएफ ४५%' बघून तू घाबरलीस, पण हृदय निम्मंच चालतंय असा त्याचा अर्थ नाही. हृदयात भरलेल्या रक्तातलं किती टक्के दर ठोक्याला बाहेर ढकललं जातं, तो आकडा म्हणजे ईएफ. धडधाकट माणसाचंही ते साधारण ५५ ते ७० असतं. काकांचं थोडं कमी आहे, पुढे इको करून परत बघतील.

आता गोळ्या. इथे चूक व्हायला नको.

जुन्या डब्यातली टेल्मिसार्टन बंद. तिच्या जागी रॅमिप्रिल २.५ दिलीय, दोन्ही एकत्र द्यायच्या नाहीत. काका रात्री घ्यायचे ती ॲस्पिरिन-ॲटोर्वास्टॅटिनची एकत्र कॅप्सूलही बंद. आता ॲस्पिरिन ७५ वेगळी आहे आणि ॲटोर्वास्टॅटिन १० ची ८० झालीय. जुनी कॅप्सूल चालू राहिली तर ॲस्पिरिन दुप्पट जाईल. म्हणून त्या स्ट्रिप्स आजच डब्यातून बाहेर काढ.

टिकाग्रेलॉर ९०, सकाळी एक, रात्री एक. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ती आहे, एकही डोस चुकवू नका. तिने कधी कधी दम लागल्यासारखं होतं. तसं झालं तर मनाने बंद न करता वॉर्डला फोन करा. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि गुडघ्यासाठी काका घेतात ती डायक्लोफिनॅक अजिबात नको.

साखरेच्या मेटफॉर्मिनपुढे 'होल्ड' लिहिलंय, म्हणजे ती सध्या द्यायची नाही, कारण किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.५ आलंय, म्हणजे वाढलंय. गुरुवारी सकाळी ओपीडीत ईसीजी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम होईल, ते बघून डॉक्टर ठरवतील. तोवर रोज उपाशीपोटी साखर मोजून वहीत लिही. २५० च्या वर गेली तर गुरुवारपर्यंत थांबू नकोस, फोन कर.

मेटोप्रोलॉलची ओळ फोटोत घडीवर आलीय. २५ आहे की ५० ते मला दिसत नाही आणि अंदाजाने सांगणार नाही. कागद सपाट ठेवून, उजेडात पुन्हा फोटो काढ. सोबत मेडिकलमधून आणलेल्या स्ट्रिपचाही पाठव. दोन्ही जुळले नाहीत तर आज रात्रीच्या डोसाआधी वॉर्डात विचारून घेऊ.

छातीत दुखलं, घाम फुटला, जबडा किंवा हात भरून आला तर काकांना बसवून सॉर्बिट्रेट ५ जिभेखाली ठेव. पाच मिनिटांत थांबलं नाही तर लगेच १०८. मला फोन नंतर कर.