विषय: गिअरबॉक्स हाउसिंगचं कोटेशन, आणि मशीन लाँच झाल्याबद्दल

नमस्कार सर,

उद्यमबागेतून, पॅटर्न शॉपवाला. मागच्या महिन्यात तुम्ही हाउसिंगचं ड्रॉइंग घेऊन आलेला, 25 नगांचं कोटेशन पाठवलंय बघा, त्याबद्दलच लिहितोय.

त्याआधी, कोळपणीचं मशीन लाँच झालं त्याचं अभिनंदन. व्हिडिओ दोनदा बघितला. फीत कापायचं सोडा, मला आवडलं ते हँडल पाना न लावता खालीवर होतंय ते, कारण आमच्या घरी येळ्ळूरच्या शेतात हे काम भाऊ पण करतो आणि वहिनी पण, दोघांच्या उंचीत फूटभर फरक. भावाला दाखवला तर त्यानं किंमत विचारलीच नाही, पहिलाच प्रश्न, नऊ इंचाच्या ओळीत चालतंय काय? ते तुम्हीच सांगा की, मी गप्प बसलो.

आता कामाचं. व्हिडिओत मशीन चिखलात जातं तिथं चाकाच्या शाफ्टपर्यंत गाळ येतोय आणि आमच्याकडच्या ड्रॉइंगमध्ये तिथं एकच ऑइल सील दाखवलंय. सध्या तुमचं हाउसिंग वेल्डिंगचं आहे, त्यात बदल करणं सोपं, पण एकदा पॅटर्न बनला की बदल म्हणजे पॅटर्न परत फोडणं. बाहेरून अजून एक सील बसवायचं असेल तर बॉस साधारण 8 मिमी लांब धरावा लागेल. आत्ता धरला तर त्याचे वेगळे पैसे नाहीत, नंतर मात्र लागतील. गरज नाही असं तुमच्या डिझाइनवाल्यांचं म्हणणं असेल तर तसंच करू, त्यांना जास्त माहीत.

दुसरं, आकडा. 25 नगांसाठी मी लाकडी पॅटर्न धरलेला. बुकिंग बघून तुम्ही तीनचारशेवर जाणार असाल तर लाकडी नको, पावसात फुगतो, कडा झिजतात, मग बेअरिंगच्या 52 मिमी बोअरला कुठं मशिनिंगला माल जास्त तर कुठं कमी. अॅल्युमिनियमचा पॅटर्न महाग पडतो पण खर्च एकदाच. आणि खरं सांगायचं तर अजून आकडा नक्की नसेल तर लाकडीवरच 25 काढून बघा, उगीच मोठा पॅटर्न करून पैसे अडकवू नका.

कोटेशनची मुदत 30 दिवसांची होती, ती या शनिवारी संपतीय. पॅटर्नचा दर मी तोच ठेवतो, कास्टिंगचा मात्र फाउंड्रीवाल्यांना परत विचारावा लागेल.

लाँचच्या गडबडीत आहात, लांब उत्तर नको. सील एक की दोन आणि लाकडी की अॅल्युमिनियम, एवढं व्हॉट्सअॅपवर टाकलं तरी चालतंय. सोमवारपर्यंत कळलं तर सुताराला लगेच कामाला लावतो.

आणि तेवढं नऊ इंचाचं पण सांगा, भाऊ रोज विचारतोय.