सोन्याच्या बाजाराच्या बातम्यांतील शब्द : नवशिक्या वाचकांसाठी सोपा शब्दसंग्रह

हा संग्रह अकारविल्हे लावलेला नाही. बातमीत जे शब्द एकमेकांच्या सोबतीने येतात ते इथेही जवळजवळ ठेवले आहेत, कारण रेझिस्टन्स समजल्याशिवाय ब्रेकआउट समजत नाही आणि स्पॉट समजल्याशिवाय फ्युचर्स समजत नाही. शब्द वाचताना एक भेद मात्र सतत ध्यानात ठेवावा : काही शब्द भावाचे काय झाले ते सांगतात आणि काही शब्द भावाचे पुढे काय होईल याविषयी कोणाचे तरी मत सांगतात. नवा वाचक फसतो तो बहुतेक वेळा हे दुसऱ्या प्रकारचे शब्द पहिल्या प्रकारचे समजल्यामुळे. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीत तो शब्द कोणत्या प्रकारचा आहे हेही सांगितले आहे.

औंस. आंतरराष्ट्रीय बातमीतला भाव डॉलर प्रति औंस असतो. हा ट्रॉय औंस असून त्याचे वजन 31.1035 ग्रॅम असते. इतर मालासाठी वापरला जाणारा साधा औंस सुमारे 28.35 ग्रॅमचा असल्यामुळे हिशेब करताना दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

स्पॉट भाव. ताबडतोबीच्या व्यवहाराचा भाव. बातमीत नुसते ‘सोने इतक्या डॉलरवर’ असे लिहिले असेल तर बहुधा हाच भाव अभिप्रेत असतो.

फ्युचर्स किंवा वायदा. ठरलेल्या महिन्यात, आज ठरवलेल्या भावाने सोने घेण्याचा किंवा देण्याचा करार. न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजारातील मुख्य करार 100 औंसांचा असतो. सोने तोपर्यंत सांभाळून ठेवण्याचा आणि त्यात गुंतलेल्या पैशाच्या व्याजाचा खर्च धरला जात असल्यामुळे वायद्याचा भाव सहसा स्पॉटपेक्षा थोडा जास्त असतो. या स्थितीला कॉन्टँगो म्हणतात आणि याच्या उलट स्थितीला बॅकवर्डेशन. एकाच दिवशीच्या दोन बातम्यांत दोन वेगळे भाव दिसले, तर एक स्पॉटचा आणि दुसरा वायद्याचा नाही ना, हे आधी पाहावे.

बुलिश. सोन्याचा भाव वाढेल असे मानणारा, किंवा तशी अपेक्षा निर्माण करणारा. हा मताचा शब्द आहे. ‘विश्लेषक सोन्याबाबत बुलिश आहेत’ या वाक्यातून भाव वाढल्याचे कळत नाही, केवळ त्या विश्लेषकांचा कल कळतो. ‘बुल मार्केट’ म्हणजे तेजीचा बाजार हा शब्द मात्र प्रत्यक्ष घडलेल्या, महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे चाललेल्या वाढीसाठी वापरतात.

बेअरिश. बुलिशच्या उलट, म्हणजे भाव उतरेल असे मानणारा. बेअर मार्केट म्हणजे मंदीचा बाजार; शिखरापासून 20 टक्के किंवा त्याहून अधिक घसरण झाली की मंदी म्हणण्याचा प्रघात शेअर बाजारातून आलेला आहे आणि सोन्याच्या बातम्यांतही तो सैलपणे पाळला जातो. सप्टेंबर 2011 मध्ये 1,900 डॉलरच्या वर गेलेले सोने डिसेंबर 2015 मध्ये 1,050 डॉलरच्या खाली आले, तो मंदीचा ठळक नमुना होय. या दोन्ही शब्दांसोबत कालावधी नसेल तर ते अपुरे समजावेत, कारण एकच अभ्यासक आठवड्यापुरता बेअरिश आणि वर्षभरासाठी बुलिश असू शकतो आणि त्यात कोणतीही विसंगती नसते.

रॅली. थोड्या काळात झालेली जोरदार वाढ. मंदीच्या मोठ्या काळातही रॅली येतात, तेव्हा रॅली दिसली म्हणजे तेजी सुरू झाली असे नव्हे.

करेक्शन. मोठ्या वाढीनंतर भाव काही प्रमाणात मागे येणे. ऑगस्ट 2020 मध्ये सोने 2,070 डॉलरच्या आसपास पोहोचले आणि मार्च 2021 पर्यंत 1,700 डॉलरच्या खाली उतरले. करेक्शन या शब्दात ‘मूळची वाढ अजून संपलेली नाही’ असा निर्णय गृहीत धरलेला असतो आणि तो निर्णय लिहिणाऱ्याचा असतो. घसरण चालू असताना ती करेक्शन आहे की मंदीची सुरुवात, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

सपोर्ट. भाव उतरत असताना ज्या पातळीजवळ खरेदीदार पुढे येतात आणि घसरण थांबते, ती पातळी.

रेझिस्टन्स. भाव चढत असताना ज्या पातळीजवळ विक्री वाढते आणि चढ अडतो, ती पातळी. सपोर्ट आणि रेझिस्टन्स यांना नेमक्या रेषेऐवजी पट्टा मानणे अधिक योग्य ठरते. ऑगस्ट 2020, मार्च 2022 आणि मे 2023 अशा तीन वेळा सोने 2,070 ते 2,080 डॉलरच्या आसपास जाऊन परत फिरले, त्यामुळे हा पट्टा त्या वर्षांत सगळ्यांच्या तोंडी झाला होता.

कन्सॉलिडेशन. भाव वरही निसटत नाही आणि खालीही कोसळत नाही, तर एका मर्यादित पट्ट्यात हलत राहतो, असा काळ. हा घडलेल्या गोष्टीचा शब्द आहे, परंतु बातमीत त्याला जोडून येणारा ‘पुढच्या वाढीची तयारी’ हा भाग मताचा असतो. कन्सॉलिडेशनमध्ये खरेदीदार आणि विक्रेते जवळपास तुल्यबळ असतात. व्याजदराचा निर्णय किंवा महागाईचा आकडा जवळ आला की मोठे व्यवहार करणारे थांबून राहतात आणि पट्टा आणखी अरुंद होतो. असा काळ काही तासांचा असू शकतो आणि अनेक वर्षांचाही : 2013 च्या मोठ्या घसरणीनंतर 2019 च्या मध्यापर्यंत सोने ढोबळमानाने 1,050 ते 1,400 डॉलर यांच्यामध्येच राहिले. करेक्शनमध्ये भाव मागे येतो, कन्सॉलिडेशनमध्ये तो आडवा चालतो, एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मा गोंधळ मिटतो. पट्टा कोणत्या बाजूने सुटेल हे मात्र त्या पट्ट्यावरून ठरत नाही.

ब्रेकआउट. बराच काळ अडवून धरलेली रेझिस्टन्सची पातळी ओलांडून भाव वर टिकणे. व्याख्येतला महत्त्वाचा शब्द ‘टिकणे’ हा आहे. 4 डिसेंबर 2023 रोजी सोने वर उल्लेखलेला पट्टा ओलांडून 2,130 डॉलरच्या पुढे गेले, विक्रमाच्या बातम्या आल्या आणि त्याच दिवशी भाव पुन्हा पट्ट्याच्या खाली आला. याला फॉल्स ब्रेकआउट म्हणतात. मार्च 2024 मध्ये सोने 2,100 डॉलरच्या वर गेले, तिथे टिकले आणि महिना संपेपर्यंत 2,200 डॉलरच्या पुढे पोहोचले. हा खरा ब्रेकआउट ठरला. दोन्ही प्रसंगी पहिल्या काही तासांतील मथळे जवळपास सारखेच असू शकतात, म्हणून जाणकार किमान दिवसाचा, आणि शक्यतो आठवड्याचा, बंद भाव पाहिल्याशिवाय हा शब्द वापरत नाहीत. ‘ब्रेकआउटची शक्यता’ असे लिहिलेले असेल तर अजून काहीही घडलेले नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावा.

ब्रेकडाऊन. सपोर्ट मोडून भाव खाली जाणे. 12 आणि 15 एप्रिल 2013 या लागोपाठच्या दोन व्यवहारदिवसांत सोने सुमारे 200 डॉलरनी कोसळले. अशा वेळी घसरणीचा वेग वाढतो, कारण तोटा मर्यादित ठेवण्यासाठी आधीच देऊन ठेवलेले विक्रीचे आदेश, म्हणजे स्टॉप लॉस, सपोर्टच्या किंचित खाली साठलेले असतात आणि ती पातळी मोडताच ते एकामागून एक अमलात येतात.

लाँग आणि शॉर्ट. भाव वाढेल या अपेक्षेने खरेदी करून ठेवलेला व्यवहार लाँग, तर भाव उतरेल या अपेक्षेने आधी विकून नंतर परत घेण्याचा व्यवहार शॉर्ट.

नफावसुली. वाढीव भावाला लाँग व्यवहार विकून फायदा पदरात पाडणे. शॉर्ट कव्हरिंग म्हणजे शॉर्ट केलेल्यांनी परत खरेदी करणे. त्यामुळेही भाव चढतो, परंतु ती वाढ नव्या मागणीची नसते. त्या दिवशीच्या बातमीतली ही दोन्ही कारणे बहुधा अंदाजाची असतात. अमेरिकेच्या वायदा नियामकाचा व्यवहारांच्या स्थितीचा साप्ताहिक अहवाल सहसा शुक्रवारी येतो आणि त्यात त्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंतची आकडेवारी असते. तोपर्यंत कोणी काय विकले हे बाहेरच्यांना दिसत नाही.

ओव्हरबॉट आणि ओव्हरसोल्ड. अल्प काळात फार वेगाने चढलेला किंवा उतरलेला भाव. बहुधा आरएसआय या मापकावरून हे ठरवतात. 14 दिवसांच्या हिशेबात तो 70 च्या वर गेला की ओव्हरबॉट आणि 30 च्या खाली गेला की ओव्हरसोल्ड म्हणतात. जोरदार तेजीत हा मापक आठवडेच्या आठवडे 70 च्या वर राहू शकतो, त्यामुळे ओव्हरबॉट म्हणजे लगेच पडणार, असे समजू नये.

हॉकिश आणि डोव्हिश. मध्यवर्ती बँकेचा सूर सांगणारे शब्द, बहुतेक वेळा अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हविषयी. व्याजदर चढे ठेवून महागाई रोखण्याकडे कल असेल तर हॉकिश, दर कमी करण्याकडे कल असेल तर डोव्हिश. सोन्यावर व्याज मिळत नाही, म्हणून चढ्या दरांच्या काळात ते बाळगणे तुलनेने महाग पडते आणि हॉकिश सूर सोन्यासाठी बेअरिश मानला जातो.

रिअल यील्ड. रोख्यावरील परताव्यातून अपेक्षित महागाई वजा केल्यावर उरणारा परतावा. तो वाढला की सोने उतरते हा नियम अनेक वर्षे चांगला लागू पडला. 2022 मध्ये दर झपाट्याने वाढले आणि मार्चमध्ये 2,000 डॉलरच्या पुढे गेलेले सोने शरद ऋतूत 1,650 डॉलरच्या खाली आले. परंतु 2023 आणि 2024 मध्ये हा परतावा चढाच असतानाही सोने विक्रमी पातळीला गेले, आणि त्यामागे मध्यवर्ती बँकांची मोठी खरेदी हे एक कारण सांगितले जाते. बातमीतला कार्यकारणभाव हा त्या काळापुरता असतो, कायमचा नव्हे, हे इथे नीट दिसते.

डॉलर इंडेक्स. सहा चलनांच्या तुलनेत डॉलरची ताकद सांगणारा निर्देशांक. यात युरोचा वाटा 57.6 टक्के आहे. डॉलर मजबूत झाला की इतर चलनांत सोने महाग पडते आणि मागणी मंदावू शकते.

सेफ हेवन. संकटकाळी ज्याकडे गुंतवणूकदार वळतात अशी मालमत्ता. युद्ध किंवा बँकांच्या अडचणीच्या बातम्यांत हा शब्द हमखास येतो. तरीही मार्च 2020 मध्ये रोख रकमेची निकड निर्माण झाल्यावर सोनेही विकले गेले आणि भाव काही दिवस 1,500 डॉलरच्या खाली होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने नवा विक्रम केला.

व्होलॅटिलिटी. भावाच्या चढउताराचा आकार. त्यातून दिशा कळत नाही.

टार्गेट. एखाद्या बँकेने किंवा विश्लेषकाने वर्तवलेला भावी भाव. हा संपूर्णपणे मताचा शब्द आहे आणि मुदत दिलेली नसेल तर तो तपासताही येत नाही.

विक्रमी उच्चांक. त्या चलनात आजवर नोंदला गेलेला सर्वांत चढा भाव. डॉलरमधील विक्रम आणि इतर चलनांतील विक्रम वेगवेगळ्या दिवशी होऊ शकतात, आणि महागाई धरून काढलेला विक्रम तर आणखी वेगळा असतो. जानेवारी 1980 मधील 850 डॉलरची पातळी सोन्याने 2008 मध्ये ओलांडली, पण महागाईचा हिशेब केला तर 2011 चा 1,900 डॉलरपुढचा भावही 1980 च्या त्या भावापेक्षा कमीच ठरतो.