थकलेल्या बिलाची आठवण, तीन सुरांत

मवाळ:
नमस्कार साहेब, कळंगुटच्या हॉटेलची मेनूकार्डं हंगामाआधी पोचली, याचं समाधान आहे. बिल क्र. 118, रुपये 38,400, बाकी आहे. तेवढं पाहाल का?

स्पष्ट:
साहेब, 4 ऑक्टोबरच्या बिल क्र. 118ची 30 दिवसांची मुदत संपली. कागदवाल्याचे पैसे मी चुकते केले आहेत. शुक्रवारपर्यंत 38,400 रुपये जमा करावेत. छपाईत उणीव वाटली असेल तर आजच कळवा.

कडक:
महोदय, दोन स्मरणपत्रांना उत्तर नाही. आमचा म्हापशाचा छापखाना सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला आहे. 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार मुदत उलटलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सोमवारपर्यंत 38,400 रुपये न आल्यास व्याजासह तक्रार दाखल करीन. तोवर नवं काम बंद.