चार बाटल्या, एक चेहरा : स्किनकेअर व्हिडिओची संहिता

लांबी साधारण सहा मिनिटं. फिल्टर बंद, मेकअप नाही. प्रकाश खिडकीतून येणारा. हनुवटीवरचे डाग झाकायचे नाहीत.

दृश्य : चेहरा जवळून. मागे काही नाही.

नमस्कार. आज माझा चेहरा जसा आहे तसाच दिसतोय. हनुवटीवर तीन जुने डाग आहेत, नाकाच्या बाजूला रंध्रं आहेत. आज दाखवणार असलेल्या चार वस्तू मी आठ महिने वापरतेय. त्यानंतरचा हा चेहरा आहे. चारही मी माझ्या पैशांनी घेतल्यात. ब्रँडची नावं मी मुद्दाम सांगणार नाही, कारण बाटलीत काय आहे आणि ती कोणत्या क्रमाने लावायची, एवढंच तुम्हाला कळायला हवं.

दृश्य : टेबलावर चार बाटल्या. त्यांच्या मागे बाजूला सारलेल्या अकरा.

मागच्या अकरा बाटल्यांची गोष्ट आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी मी एकाच आठवड्यात रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, आणि मृत पेशी काढणारं ग्लायकोलिक ॲसिड दोन्ही सुरू केली. रोज रात्री, एकावर एक. पाचव्या दिवशी साधं पाणी लागलं तरी गाल झोंबायला लागले. त्वचेचा वरचा थर ओलावा आत धरून ठेवतो आणि त्रासदायक गोष्टी बाहेर ठेवतो. तोच मी खरवडून काढला होता. सगळं बंद केलं आणि फक्त सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझरवर राहिले, तरी शांत व्हायला तीन आठवडे लागले. म्हणून या व्हिडिओत नियम एकच : एका वेळी एकच नवी वस्तू. दुसरी निदान दोन आठवड्यांनी. नाहीतर त्रास झाला तर तो कशामुळे, हे कळणारच नाही.

दृश्य : हाताच्या कोपराची आतली बाजू. बोटाने थेंब लावताना.

नवी वस्तू थेट चेहऱ्यावर लावू नका. इथे, कोपराच्या आत, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा. धुवायची वस्तू असेल तर ती जेवढा वेळ त्वचेवर राहणार असेल तेवढाच वेळ ठेवा आणि धुवा. खाज, पुरळ, सूज आली तर तिथेच थांबा. दहा दिवस म्हणजे फार, असं वाटेल. माझे तीन आठवडे गेले, ते आठवा.

दृश्य : बेसिनसमोर. पडद्यावर अक्षरं : सकाळ.

सकाळी पहिली पायरी, चेहरा धुणं. पाणी कोमट, हात हलका. साध्या साबणाने धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी होते, तो स्वच्छतेचा पुरावा नाही. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साबण अल्कधर्मी, त्यामुळे ती कोरडी पडते. तुमची त्वचा फार कोरडी असेल तर सकाळी नुसत्या पाण्याने धुतलंत तरी चालेल.

दुसरी पायरी मॉइश्चरायझर. चेहरा टिपून घ्या आणि थोडा ओलसर असतानाच लावा. सीरम वापरत असाल तर ते याच्या आधी : पातळ आधी, दाट नंतर. सीरम नसलं तरी काही बिघडत नाही. व्हिटॅमिन सीचं असेल तर बाटली उजेडापासून लांब ठेवा. गडद तपकिरी झालं तर ते खराब झालंय.

तिसरी, सनस्क्रीन. इथे मी जरा थांबते, कारण आपण सगळे इथेच कंजुषी करतो.

दृश्य : तर्जनी आणि मधलं बोट. दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची रेघ.

चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. एसपीएफ ३० ची क्रीम सूर्याची साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी किरणं अडवते, ५० ची ९८ टक्के. फरक एका टक्क्याचा. पण हे आकडे भरपूर थर लावून मोजलेले असतात. वाटाण्याएवढं लावलं तर ५० लिहिलेल्या बाटलीतून ५० मिळत नाही. बाटलीवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’, म्हणजे यूव्हीएसुद्धा अडवणारं, असं लिहिलंय ना, ते बघा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा, घाम आला किंवा पोहलात तर दोन तास न थांबता लगेच. गालांवर वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या. नुसता दिसणारा उजेडही वांग गडद करतो आणि रंगहीन सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

दृश्य : दिवा मंद. पडद्यावर अक्षरं : रात्र.

रात्री आधी सनस्क्रीन आणि मेकअप नीट उतरवा, मग चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या. त्यानंतर रेटिनॉल, पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं. पहिला महिना आठवड्यातून दोनच रात्री. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या बाजू आणि ओठांचे कोपरे सोडून. वर मॉइश्चरायझर. झोंबत असेल तर मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, मग पुन्हा मॉइश्चरायझर.

पडद्यावर ठळक, पाच सेकंद : गरोदर असाल किंवा बाळाचा विचार करत असाल, तर रेटिनॉल आणि त्याच्या कुटुंबातलं, म्हणजे ट्रेटिनॉइन, ॲडापलीनसारखं, काहीही वापरू नका.

ही ओळ मी तोंडानेही सांगते, कारण पडद्याकडे सगळे बघत नाहीत. बाळाला दूध पाजत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ज्या रात्री रेटिनॉल, त्या रात्री ॲसिड नाही.

दृश्य : पुन्हा खिडकीजवळ.

माझी त्वचा तेलकट. तुमची नसेल. चेहरा धुऊन तासभर काहीच लावू नका. सगळीकडे चकाकी आली तर तेलकट, ताणली तर कोरडी, कपाळ आणि नाकच चकाकलं तर मिश्र. अंदाज आहे हा, हवामानाबरोबर बदलतो.

तेलकट असेल तर जेल मॉइश्चरायझर. मुरुमं असतील तर सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश उपयोगी पडतो, कारण ते तेलात मिसळून रंध्रांत उतरतं. बेंझॉइल पेरॉक्साइड वापरलंत तर टॉवेल पांढरा घ्या, रंगीत कपड्याचा रंग ते उडवतं. कोरड्या त्वचेला सिरॅमाइड, ग्लिसरीन असलेली दाट क्रीम. मिश्र असेल तर गालांना जाड थर, कपाळाला पातळ, दोन वेगळ्या बाटल्यांची गरज नाही. संवेदनशील त्वचेची मला सगळ्यात काळजी वाटते. बाटलीवर ‘अनसेंटेड’, म्हणजे वास नसलेलं, लिहिलंय म्हणून त्यात सुगंध नाही, असं नाही : काही वस्तूंत मूळ वास दाबायला दुसरा वास घातलेला असतो. घटकांची यादी वाचा. तुम्ही रेटिनॉल वगळलंत तरी तुमचं रुटीन पूर्णच आहे.

दृश्य : कॅमेरा अगदी जवळ, नाकाजवळची रंध्रं.

ही रंध्रं कुठल्याच बाटलीने कायमची बंद झाली नाहीत, होणारही नाहीत. रेटिनॉलने ती थोडी कमी ठळक दिसतात, एवढंच. मुरुमांवर फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, डागांना त्याहून जास्त, खोल खड्ड्यांना क्रीम पुरत नाही. वांग फिक्का पडतो, पण ऊन लागलं की परत येतो. सात दिवसांत उजळ करणारी, घटक न लिहिलेली क्रीम दिसली तर तिला हात लावू नका. अशा क्रीममध्ये पारा किंवा तीव्र स्टिरॉइड सापडलेली आहेत. स्टिरॉइड काही दिवस चेहरा छान दाखवतं, मग त्वचा पातळ होते, आणि ते थांबवलं की लालसरपणा उसळतो. स्टिरॉइडची क्रीम आधीच बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांकडे जा.

दुखणाऱ्या गाठी, खुणा सोडणारी मुरुमं, सूज किंवा आकार बदलणारा तीळ यांपैकी काहीही असेल, तर हा व्हिडिओ इथेच थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. मी डॉक्टर नाही. मी हनुवटीवर डाग असलेली बाई आहे, जिला हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दृश्य : चार बाटल्या क्रमाने, एकेक. अकरा बाटल्या डब्यात.

क्रम खालच्या माहितीत लिहिलाय. तुमच्या त्वचेला काय लागलं आणि काय झोंबलं, ते कमेंटमध्ये लिहा, घटकाचं नाव लिहून.