मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे: बंधन कोणाचे, दाद कोठे?

भारतीय संविधान व राज्यव्यवस्था
प्रश्न ४. 'मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून अंमलात आणता येत नाहीत, म्हणून ती मूलभूत हक्कांपेक्षा दुय्यम आहेत.' या विधानाचे न्यायनिर्णयांच्या आधारे परीक्षण करा.

उत्तर:

विधानाचा पहिला भाग कलम ३७ मध्येच आहे. दुसरा भाग मात्र त्या कलमात कोठेही नाही. कलम ३७ एका दमात तीन गोष्टी सांगते: भाग चारमधील, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांच्या, तरतुदींसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, तरीही देशाच्या कारभारात ही तत्त्वे मूलभूत आहेत, आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. पहिली गोष्ट वाचून थांबले की 'दुय्यम' हा निष्कर्ष निघतो. तिन्ही एकत्र वाचल्या तर दिसते की घटनाकारांनी फक्त दाद मागण्याची जागा वेगळी ठेवली, बंधन तेच ठेवले. भाग तीनच्या, म्हणजे मूलभूत हक्कांच्या, बाजूने मात्र दोन भक्कम दरवाजे आहेत. कलम १३(२) नुसार हक्क हिरावणारा कायदा त्या मर्यादेपर्यंत शून्यवत ठरतो आणि कलम ३२ नुसार नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो.

ही विभागणी संविधान सभेत बिनविरोध झाली नव्हती. के. टी. शहा यांनी या तत्त्वांची तुलना बँकेला सवड होईल तेव्हा वटणाऱ्या धनादेशाशी केली. अशा टीकेला डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजीच उत्तर दिले होते: सत्तेवर येणाऱ्याला या तत्त्वांच्या भंगाबद्दल न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही कदाचित, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांसमोर तो नक्कीच द्यावा लागेल. हे उत्तर सोयीचे म्हणून दिलेले नव्हते असे मला वाटते. याच आंबेडकरांनी १९४७ च्या आपल्या निवेदनात शेती व प्रमुख उद्योगांची राज्याच्या मालकीची रचना संविधानातच बसवावी आणि साध्या बहुमताला ती मोडता येऊ नये, असा आग्रह धरला होता. त्यांना अंमलबजावणीची चाड नव्हती असे म्हणता येणार नाही. आर्थिक लोकशाहीचे ध्येय बांधून द्यावे आणि तिथे पोहोचण्याची वाट प्रत्येक पिढीच्या मतदारांनी निवडावी, ही भूमिका त्यांनी सभेत घेतली.

न्यायालयाची पहिली भूमिका 'दुय्यम' या शब्दाला पाठबळ देणारीच होती. मद्रास सरकारच्या आदेशाने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दर १४ जागा जातधर्मनिहाय वाटल्या जात होत्या. सरकारने कलम ४६ चा, म्हणजे दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताचा, आधार घेतला. चंपकम दोराईराजन (१९५१) खटल्यात सात न्यायाधीशांनी हा आदेश शिक्षणसंस्थांतील प्रवेशात जातधर्मावरून भेद करण्यास मनाई करणाऱ्या कलम २९(२) च्या विरुद्ध ठरवला आणि मार्गदर्शक तत्त्वांनी मूलभूत हक्कांच्या प्रकरणाशी जुळवून घेऊन त्याला पूरक राहूनच चालले पाहिजे, असे म्हटले. त्यावर संसदेने त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारे कलम १५(४) आणले.

पाठ्यपुस्तकांत १९५१ चा धडा इथेच संपतो, आणि ते अपुरे आहे. त्याच वर्षी, अवघ्या काही आठवड्यांत, मुंबई राज्य विरुद्ध बलसारा हा खटला निकाली निघाला. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ याला आव्हान होते. दारू बाळगण्यावरील बंदी वाजवी आहे का हे तपासताना न्यायालयाने दारूबंदीचे उद्दिष्ट सांगणारे कलम ४७ विचारात घेतले आणि ती बंदी टिकवली. पण अल्कोहोल असलेली औषधे व प्रसाधने यांनाही तोच फास लावणारा भाग अवाजवी म्हणून रद्द केला. माझ्या मते पुढच्या सत्तर वर्षांची पद्धत इथे बीजरूपाने आहे. मार्गदर्शक तत्त्व कायद्याचा हेतू लोकहिताचा आहे हे सिद्ध करायला मदत करते. त्या हेतूसाठी किती बंधन घालायचे, याचे माप मात्र भाग तीनच ठेवतो. किमान वेतनाचा कायदा (बिजय कॉटन मिल्स, १९५५) कलम ४३ च्या आधाराने टिकला तो याच रीतीने. केरळ शिक्षण विधेयकावरील मतात (१९५८) न्यायालयाने या पद्धतीला नाव दिले: सुसंवादी अर्थनिर्णयन, म्हणजे दोन्ही भागांना शक्य तितका वाव मिळेल असे वाचन.

संघर्ष खऱ्या अर्थाने पेटला तो संपत्तीच्या प्रश्नावर. गोलकनाथ (१९६७) खटल्यात ६ विरुद्ध ५ मतांनी संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असे ठरले. पंचविसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३१-सी घातले. कलम ३९(ब) व (क) मधील तत्त्वे, म्हणजे समाजाच्या भौतिक साधनांचे सर्वांच्या हिताचे वाटप आणि संपत्तीच्या एकवटण्याला आळा, अंमलात आणणारा कायदा कलम १४, १९ किंवा ३१ चा भंग होतो म्हणून रद्द होणार नाही. शिवाय, 'हा कायदा त्यासाठीच आहे' असे विधिमंडळाने जाहीर केले की न्यायालयाने ते तपासायचे नाही. केशवानंद भारती (२४ एप्रिल १९७३) खटल्यात पहिला भाग टिकला, दुसरा पडला. हा भेद महत्त्वाचा आहे: विशिष्ट उद्दिष्टासाठी हक्काला मुरड घालता येईल, पण उद्दिष्ट खरोखर तेच आहे का हे विचारण्याचा अधिकार न्यायालयाकडून काढता येणार नाही.

आणीबाणीत बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७६) हे संरक्षण भाग चारमधील सर्व तत्त्वांना दिले. मिनर्व्हा मिल्स (१९८०) खटल्यात ४ विरुद्ध १ मतांनी हा विस्तार रद्द झाला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेला युक्तिवाद या उत्तराचा कणा आहे. भाग चारमधील ध्येये भाग तीनने दिलेली साधने मोडून गाठायची नाहीत. दोहोंतील समतोल हाच संविधानाच्या मूलभूत संरचनेचा, म्हणजे घटनादुरुस्तीनेही मोडता न येणाऱ्या गाभ्याचा, भाग आहे आणि कोणत्याही एका भागाला निरपवाद अग्रक्रम देणे म्हणजे तो समतोल बिघडवणे. न्या. भगवती यांचे विरोधी मतही हलके घेण्यासारखे नाही. ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला भाग तीनमधील स्वातंत्र्याचा उपयोग किती, म्हणून सामाजिक न्यायासाठीच्या कायद्याला जास्त जागा दिली तर संरचना मोडत नाही, असा त्यांचा रोख होता. तरी मला बहुमताचेच पटते. भाग चार इतका विस्तीर्ण आहे की जवळजवळ कोणताही कायदा त्यातल्या एखाद्या कलमाखाली बसवता येईल. मग समानता आणि भाषणस्वातंत्र्य सरकारच्या मर्जीवर उरले असते, आणि गरिबाला संघटना करून मजुरी वाढवून मागण्याचे साधनही त्याच मर्जीवर गेले असते.

३९(ब) चा अर्थ किती ताणायचा, हा प्रश्न मात्र मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींनी पुन्हा उभा केला. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये घातलेल्या आठ-अ प्रकरणानुसार ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास अशी इमारत संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेकडे देता येते, आणि कायद्यात कलम ३९(ब) चा उघड हवाला आहे. घरमालक संघटनेचे प्रकरण अखेर नऊ न्यायाधीशांपुढे गेले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने ठरवले की प्रत्येक खासगी मालमत्ता 'समाजाचे भौतिक साधन' होत नाही. साधनाचे स्वरूप, त्याची टंचाई, समाजाच्या कल्याणावरील परिणाम आणि ते थोड्या हातांत एकवटल्याने काय होते, हे प्रत्येक वेळी पाहावे लागेल. केशवानंदमध्ये टिकलेले ३१-सी आजही लागू आहे, हेही स्पष्ट झाले. म्हणजे खासगी मालकी पूर्ण सुरक्षित झाली असे नाही आणि सगळी उघड्यावर पडली असेही नाही. सरकारला आता नुसते कलम उद्धृत करून भागणार नाही, कारण द्यावे लागेल.

इथपर्यंत मार्गदर्शक तत्त्वे कायद्याची ढाल म्हणून दिसली. १९७८ नंतर न्यायालयाने त्यांचा दुसरा उपयोग केला: त्यांतून हक्काचा आशयच भरला. कलम ३९(ड) कलम १४ सोबत वाचून समान कामाला समान वेतन आले (रणधीर सिंह, १९८२). कलम ३९-अ मधून कच्च्या कैद्यांना मोफत वकील मिळाला (हुसैनआरा खातून, १९७९). बंधुआ मुक्ती मोर्चा (१९८४) खटल्यात दगडखाणीतील मजुरांच्या प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काला न्यायालयाने कलम ३९(ई), (एफ), ४१ व ४२ चा प्राण दिला. सर्वांत पुढे गेले शिक्षण. कलम ४५ मध्ये मोफत शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत होती आणि ती १९६० मध्येच सरली. उन्नीकृष्णन (१९९३) खटल्यात १४ वर्षांपर्यंतचे शिक्षण कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरले; मात्र त्यापुढचे शिक्षण कलम ४१ प्रमाणे राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत ठेवले गेले. २००२ मध्ये कलम २१-अ आले आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. मुदत सरल्यावर पाच दशकांचा काळ लागला, तोही आधी निकाल, मग घटनादुरुस्ती, मग कायदा अशा टप्प्यांनी.

तरीही न्यायालयाने मर्यादा ओलांडून भाग चार पूर्णपणे अंमलबजावणीयोग्य केला, असे म्हणणे चूक ठरेल, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा ओल्गा टेलिस (१९८५) आहे. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुंबईतील पदपथांवरील झोपड्या हटवण्याची घोषणा झाली. कलम ३९(अ) व ४१ यांच्या प्रकाशात न्यायालयाने म्हटले की उपजीविका हिरावणे हा माणसाचे जगणे हिरावण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. म्हणून उपजीविकेचा हक्क कलम २१ मध्ये येतो. इतका मोठा हक्क मान्य झाला. पण त्याच निकालात महापालिका कायद्याचे कलम ३१४ वैध ठरले, पदपथ अडवण्याचा हक्क कोणालाही नाही असे सांगितले गेले आणि सर्वसाधारणपणे मिळाली ती नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी, पण ती देणे ही हटवण्याची पूर्वअट नाही. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत झोपड्यांना हात लावू नये, म्हणजे पावसाळा सरू द्यावा.

म्हणून प्रश्नातील विधान मी असे दुरुस्त करेन. हक्क ओळखण्याच्या टप्प्यावर मार्गदर्शक तत्त्वे दुय्यम राहिलेली नाहीत. उपाय देण्याच्या टप्प्यावर कलम ३७ ची मर्यादा परत येते. घर बांधणे, जमीन देणे, निधी वळवणे यांसाठी अर्थसंकल्प लागतो आणि तो न्यायपीठाच्या हातात नसतो. ओल्गा टेलिसमधील याचिकाकर्त्यांना न्यायालयाने कारण विचारण्याचा हक्क दिला. छप्पर मागायचे तर त्यांना विधिमंडळाकडे आणि मतपेटीकडेच जावे लागत होते.