४.५ भावनिक थकव्याचे श्रेणीबद्ध प्रतिगमन विश्लेषण

माध्यमिक शिक्षकांच्या भावनिक थकव्यातील फरक कामाच्या मागण्या आणि उपलब्ध आधार यांतून कितपत स्पष्ट होतो, हे पाहण्यासाठी चले तीन टप्प्यांत समाविष्ट केली. क्रम 'मागण्या-साधने' प्रारूपावरून विश्लेषणापूर्वीच ठरवला होता: आधी नियंत्रण चले, मग मागण्या, शेवटी साधने. २१९ प्रश्नावल्यांपैकी सात अपूर्ण होत्या. त्या वगळून तिन्ही टप्पे त्याच २१२ शिक्षकांवर चालवले, अन्यथा ΔR² ची तुलना निरर्थक ठरली असती. वय आणि सेवाकाळ यांचा सहसंबंध ०.९१ असल्याने वय घेतले नाही. अंतिम प्रारूपात VIF चे कमाल मूल्य १.३३ आहे.

कोष्टक ४.९ : टप्पानिहाय निष्कर्ष (आश्रयी चल : भावनिक थकवा)

| टप्पा | समाविष्ट चले | R² | समायोजित R² | ΔR² | ΔF (मुक्तता मात्रा) | p |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | लिंग, सेवाकाळ, शाळेचा प्रकार | ०.०४६ | ०.०३२ | ०.०४६ | ३.३४ (३, २०८) | ०.०२० |
| २ | कामाचा ताण, अशैक्षणिक कामाचे तास | ०.२३१ | ०.२१२ | ०.१८५ | २४.७८ (२, २०६) | < ०.००१ |
| ३ | मुख्याध्यापकांचा आधार, स्वसामर्थ्याची जाणीव | ०.२८७ | ०.२६३ | ०.०५६ | ८.०१ (२, २०४) | < ०.००१ |

पहिल्या टप्प्यात फक्त सेवाकाळ सार्थक ठरला (β = −०.१७, p = ०.०१४). अंतिम प्रारूपात तो −०.०८ वर येऊन असार्थक झाला.

सर्वाधिक भर मागण्यांच्या गटाने घातली: १८.५ टक्के अधिक प्रचरण (f² = ०.२४, मध्यम परिणाम). ही भर प्रामुख्याने कामाच्या ताणाची आहे (β = ०.३८, p < ०.००१). अशैक्षणिक तासांचा वाटा सार्थक असला तरी निसटता आहे (β = ०.१४, p = ०.०३९).

साधनांच्या गटाने ५.६ टक्क्यांची भर घातली (f² = ०.०८, लहान परिणाम). ΔR² गटाचा असतो, त्यातील प्रत्येक चलाचा नव्हे. म्हणून अंतिम गुणांक स्वतंत्रपणे पाहिले. मुख्याध्यापकांच्या आधाराचा स्वतःचा वाटा ४.४ टक्के आहे (β = −०.२३, t = −३.५५, p < ०.००१). स्वसामर्थ्याचा जेमतेम ०.७ टक्का असून तो असार्थक आहे (β = −०.०९, p = ०.१५७). त्यामुळे परिकल्पना ३ चा आधारासंबंधीचा भाग स्वीकारला, स्वसामर्थ्याचा नाही. याच टप्प्यात ताणाचा β ०.३१ वर उतरला आणि अशैक्षणिक तास असार्थक झाले (p = ०.०९७). आधार मध्यस्थ आहे, असा अर्थ यातून काढता येत नाही. त्याची चाचणी येथे केलेली नाही आणि सर्व माहिती एकाच वेळी गोळा केली आहे.

क्रम उलटून, म्हणजे साधने दुसऱ्या टप्प्यात घेतली, तर त्यांची भर १५.३ टक्के होते आणि मागण्यांची ८.८ टक्के उरते. एकूण R² तोच राहतो. म्हणजे ९.७ टक्के प्रचरण दोन्ही गटांचे सामायिक आहे व जो गट आधी येईल त्याच्या पदरात पडते. प्रकरण ५ मधील चर्चेत म्हणूनच मागण्यांचा १८.५ हा आकडा एकटा न वापरता ८.८ ते १८.५ टक्के अशी व्याप्ती घेतली आहे.