सर, ऑडिटच्या गडबडीत एक घरची बातमी

मिलिंद सर, नमस्कार. कामाचं तातडीचं काही नाही, निवांत वाचा. ऑफिसात तुमच्या केबिनबाहेर सतत कुणीतरी उभं असतं, म्हणून घरी आल्यावर लिहितेय.

मी प्रेग्नंट आहे. गेल्या आठवड्यात तीन महिने पूर्ण झाले, डॉक्टरांनी 18 मार्च 2026 ही तारीख दिलीय. माझी तब्येत उत्तम आहे. ऑगस्टमध्ये कँटीनमध्ये फोडणीचा वास आला की मी ताट ठेवून निघून जायचे आणि तुम्ही दोनदा विचारलंत, "पित्त झालंय का?" तेव्हा हो म्हणाले होते. ते पित्त नव्हतं, सर! आईने तीन महिने कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं, त्यामुळे तुम्हालाही सांगितलं नाही.

तारीख नेमकी मार्च क्लोजिंगच्या तोंडावर आलीय, हे मलाही दिसतंय. म्हणूनच आत्ता, सप्टेंबरात सांगतेय. जानेवारीत सांगितलं असतं तर तुमच्याही डोक्याला ताप आणि माझ्याही.

रजेचं मी असं धरलंय. कायद्याने 26 आठवडे मिळतात आणि त्यातले जास्तीत जास्त 8 डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. मला आधीचे एवढे नको आहेत, उरलेले बाळासोबत हवेत. म्हणून सोमवार 16 फेब्रुवारीपासून रजा आणि 17 ऑगस्टला परत कामावर, म्हणजे गणपती यायच्या आधीच. पहिलं बाळंतपण म्हणून सांगलीला आईकडे जायचं ठरतंय. डॉक्टर काही वेगळं म्हणाले तर तारखा मागेपुढे होतील, पण ते मी तुम्हाला लगेच सांगेन. परत येणार हे मात्र नक्की, त्याबद्दल मनात काही किंतू ठेवू नका.

आता काम. टॅक्स ऑडिटची मुदत वाढून 31 ऑक्टोबर झालीय, त्याच दिवशी दुसऱ्या तिमाहीचं टीडीएस रिटर्नही आहे. ही दोन्ही मीच पूर्ण करते, त्यात काही बदलायला नको. 31 डिसेंबरचं वार्षिक जीएसटी रिटर्न आणि 31 जानेवारीचं तिसऱ्या तिमाहीचं टीडीएस, हेही माझ्याकडेच ठेवा. मला वाटतं रोहितला नोव्हेंबरपासून माझ्याबरोबर बसवावं. दर महिन्याची जीएसटी रिटर्न दोन महिने मी भरीन आणि तो बघेल, जानेवारीत तो भरेल आणि मी तपासेन. फेब्रुवारीत 11 तारखेचं जीएसटीआर-1 मी जाण्याआधी करून देईन, 20 तारखेचं 3बी त्याला एकट्याने करावं लागेल. जमेल त्याला. इनपुट क्रेडिटचं जुळवणं तो माझ्यापेक्षा चिवटपणे करतो. त्याच्याशी मी अजून काही बोललेले नाही, ते तुम्हीच ठरवा.

खरी अडचण मार्च क्लोजिंगची आहे. त्यात मी नसेन आणि फोनवरूनही असेन असं आत्ता कबूल करत नाही, कारण ते खोटं ठरेल. व्हेंडरची बाकी जुळवणं आणि स्टॉकची तयारी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जितकी पुढे नेता येईल तितकी नेते. उरलेल्यासाठी तात्पुरतं माणूस घ्यायचं असेल तर जानेवारीत घेतलेलं बरं, म्हणजे मला शिकवायला वेळ मिळेल. आणि हो, पोर्टलचे आणि बँकेचे ओटीपी माझ्या मोबाइलवर येतात, ते नंबर डिसेंबरातच बदलून घेऊ. डिलिव्हरी रूममधून ओटीपी सांगायची वेळ नको!

दोन छोट्या गोष्टी मागायच्या आहेत. दर महिन्याला एकदा तपासणी असते, तेव्हा सकाळचे दोनेक तास उशीर होईल. आदल्या दिवशी सांगत जाईन. आणि जानेवारीपासून आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता आलं तर फार बरं. मोशीहून चाकणला येताना कंपनीच्या बसमध्ये मागची सीट मिळाली की रस्त्यातला एकेक खड्डा मोजता येतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच. आत्ता तरी काही त्रास नाही.

एक विनंती: दिवाळीच्या आसपास मोठी सोनोग्राफी आहे, ती होईपर्यंत टीममध्ये कुणाला सांगू नका. एचआरला मी नंतर रीतसर अर्ज देईन, त्यांना आधी कळवायला हवं असं तुम्हाला वाटत असेल तर मला सांगा.

सोमवारी चहानंतर दहा मिनिटं मिळाली तर रोहितचं आणि जानेवारीचं बोलून घेऊ. वहिनींना सांगितलंत तरी चालेल, त्या कुणाला सांगणार नाहीत.

– अश्विनी